केस डायरी उतरवू नका, अर्ज लिहा

प्रश्न : मी मुंबईत एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी कॉलेज. सराव परीक्षेत एक केस डायरी देऊन जामीन अर्ज लिहायला सांगितला होता. घरकाम करणारी 29 वर्षांची बाई, दोन मुलं, आधीचा गुन्हा नाही. फिर्यादीबाईंनी 28 डिसेंबर 2025 ला लग्नात घातलेली 20 ग्रॅमची माळ आणि 40 ग्रॅमच्या पाटल्या कपाटात ठेवल्या, किल्ली फ्रीजवर. 14 जानेवारीला संक्रांतीसाठी कपाट उघडलं तर दागिने नाहीत. फिर्याद 16 ला. 2 ते 6 जानेवारी घरात रंगकाम चालू होतं, हे फिर्यादीतच आहे. डायरीत पुढे असं : 17 ला सकाळी 11 वाजता बाईला चौकशीला आणलं, रात्री 8.40 ला अटक दाखवली, ‘कारणे समजावून सांगितली’, 18 ला दुपारी 2 वाजता कोर्टात हजर, दोन दिवस पोलीस कोठडी, ‘गुन्हा कबूल केला’, तिने दाखवलेल्या सोनाराकडून 14 ग्रॅमची माळ जप्त, पाटल्या मिळाल्या नाहीत. वॉचमन म्हणतो तिला 4 तारखेला दुपारी एकला पिशवी घेऊन जाताना पाहिलं, पण तिची कामाची वेळ सकाळी 8 ते 10. 20 पासून न्यायालयीन कोठडी. सोबत रिमांड अर्जाची प्रत होती. कलमं 305 आणि 306. मी सगळे मुद्दे घेतले, पाच पानं लिहिली, तरी 15 पैकी 4 मार्क. सरांनी खाली लिहिलं, ‘अर्ज कुठे आहे?’ चुकलं कुठे?
— एक विद्यार्थी, परळ

उत्तर :

तुमची पाच पानं मी पाहिलेली नाहीत, पण त्यात काय असेल याचा अंदाज आहे. ‘केस डायरीवरून असे दिसते की...’ ने सुरुवात, मग तारीखवार सगळी हकीकत, मग वॉचमनचा जबाब कसा खोटा आहे, मग कबुली कशी दबावाखाली घेतली, आणि शेवटी ‘सबब आरोपीस निर्दोष सोडावे’. दरवर्षी तपासायला येणाऱ्या पेपरांत निम्मे असेच असतात.

मूळ घोटाळा प्रश्नाच्या रचनेतच आहे. परीक्षक तुम्हाला केस डायरी देतात, पण खऱ्या कोर्टात ती आरोपीच्या वकिलाच्या हातात नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 192 (जुनं 172) सांगतं की तपासी अंमलदाराने रोजच्या रोज डायरी ठेवायची. न्यायालय ती मागवून आपल्या मदतीला पाहू शकतं, पुरावा म्हणून वापरू शकत नाही. आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला ती मागण्याचा हक्क नाही. त्यामुळे ‘डायरीच्या पान 4 वर नमूद आहे’ असं तुम्ही लिहिलंत की परीक्षकाला कळतं, या मुलाने कलम वाचलेलं नाही. वॉचमनचा जबाबही तसाच. दोषारोपपत्राच्या नकला मिळेपर्यंत तो तुमच्या अशिलाने पाहिलेलाच नसतो.

मग डायरीचं करायचं काय? मी ज्युनियरांना एकच सवय लावते. प्रत्येक ओळीपुढे थांबायचं आणि विचारायचं, ‘हे माझ्या अशिलाला कुठून कळलं?’ उत्तरं चारच असू शकतात : प्रथम खबर, रिमांड अर्ज, अटकेच्या वेळी हातात पडलेले कागद, किंवा तिचा स्वतःचा अनुभव. यांपैकी एक उत्तर आलं तर ओळ अर्जात जाते. नाही आलं तर ती ओळ तुमच्या डोक्यात राहते, कागदावर येत नाही.

आता तुमचीच डायरी या गाळणीतून काढून बघू. रंगकाम चालू होतं आणि किल्ली फ्रीजवर होती, हे फिर्यादीत आहे, घ्या. सकाळी 11 पासून ठाण्यात बसवून ठेवलं, हे डायरीत आहेच, पण ते बाईने स्वतः भोगलंय, म्हणून घ्या. फक्त वाक्य बदलेल : ‘डायरीत नोंद आहे’ असं नाही, ‘अर्जदारास दि. 17/01/2026 रोजी सकाळी सुमारे 11 वाजल्यापासून पोलीस ठाण्यात बसवून ठेवण्यात आले’ असं. चौदा ग्रॅमची माळ जप्त झाली आणि पाटल्या बाकी आहेत, हे रिमांड अर्जात असणारच, कारण कोठडी मागताना पोलीस तेच सांगतात. तेही घेता येईल, पण सांभाळून. वॉचमन मात्र गळला. त्याच्या जबाबातली आणि कामाच्या वेळेतली विसंगती कितीही मोहात पाडणारी असली तरी ती उलटतपासणीसाठी ठेवा. आता उघड केलीत तर पुरवणी जबाबात ती सारवली जाईल.

कबुलीची ओळ सगळ्यात धोक्याची. पोलिसांपुढची कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 ने पुराव्यात येत नाही. त्याच कलमाच्या परंतुकाने, म्हणजे जुन्या कलम 27 ने, फक्त तिच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडली तेवढा भाग येऊ शकतो. मग विद्यार्थी काय करतात? ‘आरोपीने कबुली दिली असली तरी ती दबावाखाली होती’ असं लिहितात. म्हणजे जी गोष्ट सरकार पक्षाला पुराव्यात आणता येत नाही ती आपणच आपल्या अर्जात, आपल्या सहीने आणून ठेवली. कबुलीचा उल्लेखच करायचा नाही.

यावरून माझीच एक चूक सांगते. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी चोरीच्या एका अर्जात मी उत्साहाने लिहिलं होतं, ‘अर्जदाराने माल परत केलेला आहे, सबब कोठडीची गरज नाही.’ जामीन झाला, मी खूश. दीड वर्षाने खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी माझाच अर्ज फाईलमधून काढला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. परत केला म्हणजे घेतला होता ना? त्यावर मला तिथे उभ्या-उभ्या काही सुचलं नाही. तेव्हापासून माझ्या अर्जात ‘अर्जदाराने’ या शब्दापुढे कधीच मालाविषयी क्रियापद येत नाही. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार माल हस्तगत झालेला आहे’ एवढंच येतं.

आता अर्जाचा सांगाडा. मथळ्यात न्यायालय बरोबर हवं. महानगर दंडाधिकारी ही पायरी नव्या संहितेत नाही, म्हणून ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अंधेरी, मुंबई यांचे न्यायालयात’ असं लिहा. अंधेरीच्या जागी प्रश्नात ज्या कोर्टाची हद्द दिली असेल ते. भारतीय न्याय संहितेचं 305 म्हणजे राहत्या घरातली चोरी आणि 306 म्हणजे नोकराने केलेली चोरी. दोन्हींना सात वर्षांपर्यंत शिक्षा, दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि दंडाधिकाऱ्यांपुढे चालणारी. म्हणून अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 खाली (जुनं 437). 483 म्हणजे सत्र किंवा उच्च न्यायालय, 482 म्हणजे अटकपूर्व. अटक झालेल्या बाईसाठी 482 लिहिणारेही मी पाहिलेत, तिथे पुढचं वाचायची परीक्षकाला गरजच राहत नाही. गुन्ह्याची तारीख 1 जुलै 2024 च्या आधीची दिली असेल तर चोरीची कलमं जुन्या दंड संहितेतली येतील, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. परीक्षक हा सापळा हमखास लावतात.

मथळ्याखाली पक्षकार, गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, अटकेची तारीख, आणि सध्या अर्जदार कुठे आहे ते. मुंबईत बाई असेल तर बहुधा भायखळ्याचं कारागृह. मग हकीकत, आणि ती आठ-दहा ओळींत संपवा. हकीकत पोलिसांची असते, म्हणून प्रत्येक वाक्य ‘सरकार पक्षाचे थोडक्यात म्हणणे असे की’ या छत्रीखाली ठेवायचं. त्या छत्रीबाहेर एक वाक्य जरी गेलं तरी ते तुमचं कबूल केलेलं विधान ठरतं.

खरे मार्क कारणांत असतात, आणि तिथे क्रम महत्त्वाचा. सगळी कारणं सारख्या वजनाची नसतात. मी हा अर्ज लिहिला तर पहिलं कारण अटकेची लेखी कारणं न मिळण्याचं घेईन. डायरीत ‘समजावून सांगितली’ एवढंच आहे, लेखी दिल्याची नोंद नाही. विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य (2025) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणं न कळवणं हा अनुच्छेद 22(1) चा भंग मानला. नोव्हेंबर 2025 मध्ये, आपल्याच मुंबईतून गेलेल्या मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायालय त्याच्या पुढे गेलं. गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच देणं शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या निदान दोन तास आधी तरी द्यायची. नाही तर अटक आणि त्यावरची कोठडी बेकायदा. तुमच्या प्रश्नातली अटक जानेवारी 2026 ची आहे, म्हणजे हा निकाल तिला लागू. कारण असं लिहा :

‘अर्जदारास अटकेची कारणे तिला समजणाऱ्या मराठी भाषेत लेखी स्वरूपात देण्यात आलेली नाहीत, ना अटकेच्या वेळी, ना तिला दि. 18/01/2026 रोजी माननीय न्यायालयापुढे हजर करण्यापूर्वी. सबब अटक व त्यानंतरची कोठडी कायदेशीर ठरत नाही.’

बघा, यात डायरीचा उल्लेख नाही, आणि वादही नाही. कागद दिला होता हे दाखवायची जबाबदारी आता तपासी अंमलदारावर गेली. अर्ज दाखल झाला की कोर्ट सरकार पक्षाचा ‘से’ मागवतं. त्या सेमध्ये त्यांना एक तर पोचपावती जोडावी लागेल, नाही तर गप्प राहावं लागेल.

त्याला लागूनच वेळेचं कारण. सकाळी 11 पासून दुसऱ्या दिवशी दुपारी 2 पर्यंत 27 तास होतात. कलम 58 प्रमाणे मर्यादा 24 तासांची. पोलीस म्हणतील अटक 8.40 ला, म्हणून फक्त सतराएक तास. इथे डायरी न मागता तुम्ही एवढंच म्हणू शकता की ठाण्याच्या स्टेशन डायरीतली त्या दिवशीची नोंद न्यायालयाने पाहावी. केस डायरी पाहा असं मी या प्रकरणात म्हणणार नाही, कारण ती उघडली की सोनाराचा जबाबही न्यायाधीशांच्या नजरेला पडतो.

रात्रीच्या अटकेचं कारण विद्यार्थ्यांना फार आवडतं. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि तिने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते, हे कलम 43(5). जानेवारीत मुंबईत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे 8.40 ची अटक उघड उघड रात्रीची. घ्या, पण दोन वाक्यांत, आधीच्या दोन कारणांना जोड म्हणून. एवढ्यावर जामीन झालाच पाहिजे असा नियम नाही, आणि ते सगळ्यात वर ठेवलंत तर तुमच्याकडे दुसरं काही नाही असं वाटतं.

पुढचं कारण अटकेची गरजच नव्हती हे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणून अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य (2014) लागू. कलम 35 खाली अटक का आवश्यक होती हे पोलिसांनी लिहून ठेवायला हवं, आणि गरज नसेल तर 35(3) ची नोटीस देऊन बोलावायचं. बाईला नोटीस मिळाली नाही हे तिलाच माहीत आहे. सकाळी बोलावल्यावर ती स्वतःहून ठाण्यात आली असेल तर तेही लिहा. पळून जाणारी बाई बोलावल्यावर येत नाही. पण प्रश्नात ‘आणले’ म्हटलंय, ‘आली’ नाही, तेव्हा नसलेली वस्तुस्थिती घुसडू नका. त्यालाही मार्क कापले जातात.

आता गुन्ह्याच्या गुणदोषावर. इथे हात आखडता घ्यायचा, कारण जामिनाच्या वेळी पुराव्याची छाननी होत नाही. ‘फिर्याद दोन दिवस उशिरा’ हे प्रत्येक पेपरात असतं आणि ते लंगडं आहे. दागिना हरवल्यावर माणूस दोन दिवस घर धुंडाळतोच. त्यापेक्षा तुमच्या हातात खणखणीत गोष्ट आहे. 28 डिसेंबरपासून 14 जानेवारीपर्यंत सतरा दिवस ते कपाट कोणी उघडून पाहिलेलं नाही, किल्ली सगळ्यांच्या नजरेसमोर फ्रीजवर होती, आणि त्यातले पाच दिवस बाहेरचे रंगारी घरात होते. हे सगळं फिर्यादीबाईंच्याच शब्दांत आहे. तेवढं मांडा आणि ‘अर्जदारास केवळ संशयावरून गोवण्यात आले आहे’ म्हणून थांबा. रंगाऱ्यांनी चोरी केली असं मात्र लिहू नका. तुम्हाला ते माहीत नाही, आणि सिद्धही करायचं नाही.

माळेचं काय, हा कठीण प्रश्न. ती टाळता येत नाही, कारण सरकारी वकील पहिलं वाक्य तेच बोलतील. फिर्यादीत 20 ग्रॅम, जप्तीत 14. ‘हस्तगत केल्याचे सांगितलेल्या माळेचे वजन फिर्यादीतील वर्णनाशी जुळत नाही, तिची ओळख हा खटल्यात ठरण्याचा मुद्दा आहे, तूर्त पोलिसांच्याच म्हणण्यानुसार ती त्यांच्या ताब्यात असल्याने त्यासाठी कोठडी आवश्यक नाही.’ एका वाक्यात दोन कामं झाली : माळ तीच आहे हे मान्य केलं नाही, आणि ती मिळाल्याचा फायदाही घेतला.

पाटल्या बाकी आहेत, हा विरोधाचा खरा मुद्दा असेल. जुन्या कायद्यात पहिले पंधरा दिवस संपले की पोलीस कोठडीचा विषय संपायचा. आता कलम 187 प्रमाणे ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी, साठ दिवसांच्या तपासाच्या प्रकरणात पहिल्या चाळीस दिवसांत कधीही मागता येतात. म्हणून ‘न्यायालयीन कोठडी झाली, आता तपास संपला’ हे जुन्या नमुन्यातलं वाक्य पुरत नाही. दोन दिवस कोठडी मिळाली, झडती झाली, अर्जदाराकडे आणखी काही मिळालं नाही, आणि पुढची पोलीस कोठडी पोलिसांनीच मागितली नाही, हे तारखांसह सांगा. मग 480 च्या परंतुकाकडे या. साक्षीदारांनी ओळखण्यासाठी किंवा पहिल्या पंधरा दिवसांपुढे पोलीस कोठडीसाठी आरोपी लागेल, एवढ्याच कारणावरून, इतर बाबतीत पात्र असलेल्याला जामीन नाकारता येत नाही, पण त्याने न्यायालयाच्या निर्देशांचं पालन करण्याची हमी द्यायला हवी. ती हमी अर्जातच देऊन टाका.

त्याच कलमाचं आणखी एक परंतुक स्त्री, मूल, आजारी यांच्यासाठी आहे आणि तुम्ही ते बहुधा घेतलंच असेल. ते मुळात मृत्युदंड-जन्मठेपेच्या किंवा आधी गंभीर शिक्षा झालेल्यांच्या बाबतीत जामिनावर जी आडकाठी आहे ती सैल करण्यासाठी आहे. इथे ती आडकाठीच नाही. म्हणून कलमाचा गजर न करता फक्त लिहा : अर्जदार स्त्री आहे, दोन मुलं तिच्यावर अवलंबून आहेत, मुंबईची कायम रहिवासी आहे, पूर्वी कोणताही गुन्हा नोंद नाही. पत्त्याचा पुरावा जोडल्याचं सांगा. राहतं घर भाड्याचं असलं तरी चालतं, लपवू नका.

यानंतर हमीचा परिच्छेद : तारखांना हजर राहीन, तसा गुन्हा करणार नाही, साक्षीदारांना धमकावणार वा फूस लावणार नाही. 480(3) खाली या अटी न्यायालय घालणारच आहे, तुम्ही त्या आधीच मान्य केलेल्या बऱ्या. फिर्यादीच्या घराकडे फिरकणार नाही हे मी आपणहून घालते. घरकामाच्या प्रकरणात न्यायाधीशांना तीच धास्ती असते. मग, सत्र वा उच्च न्यायालयात असा दुसरा अर्ज दाखल किंवा प्रलंबित नाही, हे एक वाक्य. ते विसरलात तर खऱ्या कोर्टात अर्ज तिथेच अडकतो.

शेवटी विनंती. जामीन अर्जाने निर्दोष सुटका होत नाही आणि गुन्हाही रद्द होत नाही, म्हणून मागायचं तेवढंच मागा :

‘सबब विनंती की, (अ) सदर गुन्ह्यात अर्जदारास माननीय न्यायालयास योग्य वाटेल त्या रकमेच्या जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेच्या एका जामीनदारावर मुक्त करण्याचा आदेश व्हावा, (ब) जामीनदार हजर करेपर्यंत चार आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन भरण्याची परवानगी मिळावी, (क) न्यायहितार्थ योग्य तो अन्य आदेश व्हावा.’

यातलं ‘ब’ पुस्तकातल्या नमुन्यात क्वचित असतं, पण मुंबईत त्यावाचून चालत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला रेशनकार्ड आणि पगाराचा कागद घेऊन कोर्टात उभा राहणारा जामीनदार एका दिवसात मिळत नाही. जामिनाचा आदेश होऊनही माणूस आठवडाभर आत राहतो तो यामुळेच. रकमेचा आकडा आपण सुचवू नये. सुचवायचाच असेल तर कलम 484 चा आधार घ्या, मुचलक्याची रक्कम अवाजवी नसावी असं ते सांगतं.

खाली ठिकाण, तारीख, ‘अर्जदारातर्फे वकील’, वकीलपत्र जोडल्याची नोंद. एवढं सगळं अडीच-तीन पानांत बसतं. आणि हो, सहीच्या जागी ‘सही/-’ एवढंच लिहा. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव घालून सही केलेले दोन पेपर याच वर्षी माझ्याकडे आले होते.